शंभर वर्षांच्या धरणाला एकच वटाव दर का पुरत नाही

प्रश्न: धरणाच्या प्रकल्प अहवालात आम्ही सगळ्या वर्षांसाठी एकच दर धरतो. इंग्लंडमध्ये मात्र दूरच्या वर्षांसाठी हा दर टप्प्याटप्प्याने कमी करतात, असे वाचले. यामागचे कारण काय? धरण-पुलांच्या हिशेबात त्याने खरोखर किती फरक पडतो, आणि आकडेमोड करताना काय सांभाळावे?

उत्तर:

वटाव दर, म्हणजे आपण कार्यालयात ज्याला सर्रास डिस्काउंट रेट म्हणतो तो, दूरच्या वर्षांसाठी घटता ठेवावा असे सुचवण्यामागचे मुख्य कारण हे की पुढच्या शंभर वर्षांत योग्य दर किती असेल, हे आज कोणालाच ठाऊक नाही. ही अनिश्चितता प्रामाणिकपणे हिशेबात धरली की दूरच्या काळासाठीचा दर गणितानेच खाली येतो. भावी पिढ्यांविषयीच्या कळवळ्यातून ही सवलत दिली जाते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. भावी पिढ्यांना आजच्या पिढीपेक्षा जास्त वजन न देताही हा निष्कर्ष निघतो, आणि म्हणूनच तो वित्त खात्यांना पटला.

आधी एकाच दराने नेमके काय होते ते पाहू. शंभर वर्षांनी मिळणाऱ्या १ कोटी रुपयांचे आजचे मूल्य १० टक्के दराने सुमारे ७२६ रुपये येते. ३.५ टक्के दराने ते ३ लाख २१ हजारांच्या आसपास येते. दरातील साडेसहा टक्क्यांच्या फरकाने मूल्य चारशेपटीहून अधिक बदलते. तीस वर्षांच्या प्रकल्पात दर थोडा इकडे-तिकडे झाला तरी निष्कर्ष सहसा तग धरतो. शंभर वर्षांच्या प्रकल्पात मात्र आपण निवडलेला दर हाच जवळजवळ निष्कर्ष असतो. अशा वेळी ‘आम्ही मधला दर घेतला’ असे म्हणून भागत नाही, कारण मधला दर घेणे आणि मधले मूल्य घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा युक्तिवाद या फरकावर उभा आहे.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी तो १९९८ मध्ये मांडला. समजा, पुढच्या शतकात योग्य दर एक तर २ टक्के राहील किंवा ६ टक्के राहील, आणि दोन्हींची शक्यता सारखीच आहे. बहुतेक जण येथे सरासरी ४ टक्के काढतील आणि पुढे जातील. त्या दराने शंभराव्या वर्षीच्या १ कोटीचे आजचे मूल्य १ लाख ९८ हजार रुपये येते. आता दोन्ही शक्यता वेगवेगळ्या मोजा. दर २ टक्के असेल तर मूल्य १३ लाख ८० हजार, आणि ६ टक्के असेल तर साधारण साडेएकोणतीस हजार. दोन्ही शक्यता समान असल्याने अपेक्षित मूल्य त्यांच्या सरासरीइतके, म्हणजे ७ लाख ५ हजारांच्या जवळ येते. दरांची सरासरी घेऊन काढलेल्या आकड्याच्या हे साडेतीनपट आहे.

हे ७ लाख ५ हजार देणारा एकच दर काढला तर तो ४ टक्के नसून २.६९ टक्के निघतो. हीच रीत पन्नासाव्या वर्षासाठी वापरली तर ३.१४ टक्के, पहिल्या वर्षासाठी ३.९६ टक्के आणि दोनशेव्या वर्षासाठी २.३५ टक्के येतात. येथे कोणी दर ठरवून घटवलेला नाही. उच्च दराच्या शक्यतेतील मूल्य काळ जाईल तसे इतके झिजते की बेरजेत त्याचा वाटा नाममात्र उरतो. दूरच्या वर्षांत बोलणारी शक्यता फक्त कमी दराची असते. म्हणून प्रभावी दर हळूहळू संभाव्य दरांपैकी सर्वांत कमी दराकडे सरकतो.

या युक्तिवादाला एक अट आहे. मला हाच त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, आणि सर्वांत दुर्लक्षितही. अनिश्चितता टिकाऊ असली पाहिजे. वरच्या उदाहरणात एकदा २ टक्क्यांचे जग निघाले की ते शतकभर २ टक्क्यांचेच राहते, असे आपण गृहीत धरले. त्याऐवजी दर वर्षी नव्याने नाणेफेक होऊन त्या वर्षाचा दर २ किंवा ६ ठरत असेल, तर चांगली-वाईट वर्षे एकमेकांना भरून काढतात आणि प्रभावी दर शेवटपर्यंत ३.९६ टक्क्यांवर स्थिर राहतो, मुळीच घटत नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा उरतो की वास्तवातले दर यांपैकी कोणत्या प्रकारे वागतात. रिचर्ड न्यूएल आणि विल्यम पायझर यांनी २००३ मध्ये अमेरिकेच्या दोन शतकांच्या व्याजदरांवरून हे तपासले. दर पुन्हा आपल्या सरासरीकडे वळतात असे मानले तर घसरण सौम्य निघते, आणि एकदा हललेला दर तिथेच मुक्काम करतो असे मानले तर ती चांगलीच तीव्र निघते. उपलब्ध आकडेवारी या दोहोंतला निवाडा निर्णायकपणे करत नाही. म्हणून घटत्या दराचे तत्त्व जितके भक्कम आहे, तितका कोणत्याही एका तक्त्यातला आकडा भक्कम नसतो, हे कायम ध्यानात ठेवावे.

दुसरा मार्ग वाढदरातून जातो. सामाजिक वटाव दराचे नेहमीचे सूत्र फ्रँक रॅमझी यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात दोन घटकांची बेरीज असते. पहिला म्हणजे निव्वळ काळाबद्दलची अधीरता, ज्यात काही ठिकाणी मोठ्या आपत्तीचा धोकाही धरतात. दुसरा म्हणजे दरडोई उपभोगाच्या वाढीचा दर गुणिले एक सहगुणक, जो श्रीमंत माणसाच्या हाती पडलेला वाढीव रुपया गरिबाच्या रुपयापेक्षा किती कमी मोलाचा मानायचा ते सांगतो. इंग्लंडच्या वित्त विभागाने हे १.५ अधिक १ गुणिले २ असे मांडून ३.५ टक्के काढले. पुढची पिढी आपल्यापेक्षा श्रीमंत असेल, म्हणून तिच्या हाती जाणारा रुपया आपण कमी मोजतो, हा या सूत्राचा गाभा. मग ती किती श्रीमंत असेल याचीच खात्री नसेल तर? वाढ खुंटण्याची शक्यता खरी असेल आणि ती दीर्घकाळ टिकणारी असेल, तर शहाणा माणूस अशा भविष्यासाठी थोडी जास्त तजवीज करतो. हे वागणे सूत्रात घातले की दूरचा दर पुन्हा खालीच येतो. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ ख्रिश्चन गोलिए यांनी ही बाजू विस्ताराने मांडली आहे.

भारतासाठी याला आणखी एक सरळ कारण जोडले जाते, ज्यात अनिश्चितता आणण्याचीही गरज पडत नाही. आपली दरडोई वाढ आज इंग्लंडपेक्षा वेगवान आहे, त्यामुळे रॅमझी सूत्राने आपला आजचा दर त्यांच्यापेक्षा जास्त येणार, आणि तो तसा असण्यात गैर काही नाही. पण दरडोई उपभोग सलग शंभर वर्षे ५ टक्क्यांनी वाढला तर तो आजच्या १३१ पट होईल. असे गृहीतक कोणी जाणीवपूर्वक लिहिणार नाही. एकच चढा दर शंभर वर्षे लावताना मात्र आपण नकळत तेच लिहीत असतो. वाढ आज ५ टक्के आणि काही दशकांनी २ टक्क्यांवर स्थिरावेल असे मानले, तर वरच्याच सूत्रात दर ६.५ वरून ३.५ टक्क्यांवर यायला हवा.

आता प्रत्यक्ष वापर. इंग्लंडच्या वित्त विभागाच्या ‘ग्रीन बुक’ या मार्गदर्शिकेने २००३ मध्ये ठरवलेला तक्ता असा आहे: पहिली ३० वर्षे ३.५ टक्के, ३१ ते ७५ साठी ३ टक्के, ७६ ते १२५ साठी २.५ टक्के, १२६ ते २०० साठी २ टक्के, २०१ ते ३०० साठी १.५ टक्के आणि त्यापुढे १ टक्का. फ्रान्सने २००५ मध्ये ४ टक्क्यांपासून सुरू होऊन ३० वर्षांनंतर २ टक्क्यांकडे उतरणारा दर स्वीकारला. नॉर्वेतही ४० वर्षांपर्यंत ४, ७५ पर्यंत ३ आणि त्यापुढे २ टक्के अशी पायऱ्यांची रचना आहे. हे सगळे दर महागाई वगळून आहेत. लाभ-खर्च चालू किमतींना फुगवून मांडायचे आणि त्यांना हे दर लावायचे, असा घोळ मी अनेक अहवालांत पाहिला आहे. तसे झाले की कोणताही प्रकल्प उत्तम दिसू लागतो.

याचा धरणावर परिणाम किती होतो, ते एका सोप्या हिशेबातून पाहू. समजा, आज १,००० कोटी खर्च होतो आणि पहिल्या वर्षापासून शंभराव्या वर्षापर्यंत दर वर्षी ४० कोटींचा निव्वळ लाभ मिळतो. बांधकामाची वर्षे मुद्दाम सोडली आहेत, म्हणजे दराचा परिणाम स्वच्छ दिसेल. १० टक्के दराने लाभाचे वर्तमान मूल्य ४०० कोटी येते आणि प्रकल्प बाद होतो. सरसकट ३.५ टक्क्यांनी ते १,१०६ कोटी येते. ग्रीन बुकच्या घटत्या दराने सुमारे १,१५५ कोटी येते.

या तीन आकड्यांकडे नीट पाहावे. १० वरून ३.५ वर आल्याने मूल्य सातशे कोटींनी वाढले, आणि दर घटता केल्याने त्यात केवळ ४८ कोटींची, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत-बाहेर भर पडली. पहिल्या तीस वर्षांचा दर दोन्हीकडे तोच असतो आणि मूल्याचा दोन-तृतीयांश भाग त्या तीस वर्षांतच जमा होतो. त्यानंतरची घट मुळातच लहान झालेल्या रकमांवर चालते. म्हणून घटत्या दराच्या जोरावर एखादे फसलेले धरण तारता येईल, ही आशा व्यर्थ आहे आणि विरोधकांची तशी भीतीही बरीचशी निराधार आहे. सुरुवातीचा दर किती, हा वाद याहून कितीतरी मोठा आहे. तो वेगळा आहे आणि वेगळाच लढवला पाहिजे.

घटता दर जिथे जास्त जाणवतो ती जागा वेगळी आहे. वरच्या हिशेबात शंभर वर्षे निर्विघ्न लाभ धरला आहे. खरे धरण तसे वागत नाही. त्याच्या जलाशयात गाळ साचतो, दरवाजे बदलावे लागतात, भिंतीला मजबुतीकरण लागते. प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि आजही सिंचनाला पाणी देते. एवढ्या दीर्घ काळाचा लाभ १० टक्क्यांच्या हिशेबात अदृश्यच राहिला असता. पण त्याच धरणाच्या दगडी भिंतीत १९६९ मध्ये भेगा आणि मोठी गळती दिसून आली, आणि मागे आधारभिंती उभारून ती भक्कम करावी लागली, हीदेखील त्या दीर्घायुष्याचीच बाजू आहे. आपल्या काल्पनिक धरणात ८० व्या वर्षी ६०० कोटींचे मोठे पुनरुज्जीवन घाला. १० टक्के दराने त्याचे आजचे मूल्य फक्त २९ लाख रुपये येते. एक हजार कोटींच्या अहवालात २९ लाखांची ओळ कोण लिहितो? ती लिहिली जात नाही, आणि ऐंशी वर्षांनी तो खर्च कोणाच्या तरी अंदाजपत्रकात अचानक उभा राहतो. सरसकट ३.५ टक्क्यांनी हाच खर्च ३८ कोटी आणि घटत्या दराने ५० कोटी दिसतो. आता तो अहवालात लपत नाही.

याच्या जोडीला गाळामुळे ७६ ते १०० या वर्षांत लाभ निम्मा होतो असे धरा. घटत्या दराने त्यातून सुमारे ३५ कोटी कमी होतात, तर सरसकट दराने २५ कोटी. दोन्ही वजावटी केल्यावर निव्वळ वर्तमान मूल्य सरसकट दराने ४३ कोटी आणि घटत्या दराने ७० कोटी उरते. म्हणजे सुरुवातीला दिसलेला ४८ कोटींचा फायदा २७ कोटींवर आला. घटता दर दूरच्या लाभांना जितका उजाळा देतो, तितकाच दूरच्या खर्चांनाही देतो. ज्या अहवालात दर घटता आहे, पण गाळ, मजबुतीकरण आणि अखेरीस धरण मोडीत काढण्याचा खर्च यांच्या ओळी नाहीत, तो अहवाल परत पाठवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

पुलाच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा ‘पूल बांधावा की नाही’ असा येत नाही, तर ‘किती टिकाऊ बांधावा’ असा येतो. खाडीवरच्या पुलाच्या सळ्या खाऱ्या हवेत गंजतात. समजा, गंजरोधक सळ्या आणि जाड काँक्रीट आवरण यांसाठी आज १ कोटी जास्त घातले, तर ६० व्या वर्षीची ७ कोटींची मोठी दुरुस्ती टळते. १० टक्के दराने टळलेल्या दुरुस्तीचे आजचे मूल्य २ लाख ३० हजार येते, तेव्हा टिकाऊ पर्याय विचारातही घेतला जात नाही. सरसकट ३.५ टक्क्यांनी ते ८९ लाख येते, म्हणजे अजूनही १ कोटीपेक्षा कमी. घटत्या दराने ते १ कोटी २ लाख ७५ हजारांच्या आसपास येते आणि निर्णय उलटतो. हे आकडे मी निर्णयाच्या उंबरठ्यावरचेच निवडले आहेत, त्यामुळे प्रत्येक पुलात असे होईल असे समजू नये. पण दर घटता करण्याचा प्रभाव जाणवतो तो नेमका अशा निर्णयांत, जिथे खर्च आज आणि लाभ एकरकमी व दूरचा असतो. दर वर्षी सारखा लाभ देणाऱ्या प्रकल्पात तो फारसा जाणवत नाही.

आकडेमोडीत एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. तक्त्यातला दर त्या-त्या टप्प्यातील वर्षांपुरताच असतो. शंभराव्या वर्षाचा गुणक काढताना पहिली ३० वर्षे ३.५ ने, पुढची ४५ वर्षे ३ ने आणि अखेरची २५ वर्षे २.५ ने, असे साखळीने यावे लागते. तसे केल्यास गुणक ०.०५०८ येतो. अनेक जण शंभरावे वर्ष २.५ टक्क्यांच्या टप्प्यात आहे म्हणून पूर्ण शंभर वर्षांना २.५ टक्केच लावतात. तेव्हा गुणक ०.०८४६ येतो, म्हणजे दूरचे मूल्य दोन-तृतीयांशाने फुगते. तक्त्यात वर्ष A स्तंभात, त्या वर्षाचा दर B मध्ये आणि गुणक C मध्ये असेल, आणि शून्य वर्षाचा गुणक १ हा C2 मध्ये असेल, तर पुढच्या ओळीचे सूत्र एवढेच आहे:

```
=C2/(1+B3)
```

ते खाली ओढत न्यावे. चूक झाली आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. गुणकांचा स्तंभ वरून खाली वाचा, त्यात कुठेही आकडा वाढता कामा नये. चुकीच्या पद्धतीत तिसाव्या वर्षीचा गुणक ०.३५६ असतो आणि एकतिसाव्या वर्षीचा उडी मारून ०.४०० होतो, म्हणजे एक वर्ष उशिरा मिळणारा रुपया जास्त मोलाचा ठरतो. असे होऊच शकत नाही. वाइट्झमन यांच्या उदाहरणातले २.६९ टक्के मात्र शून्यापासून शंभरपर्यंतचे सरासरी प्रभावी दर आहेत. ते पूर्ण शंभर वर्षांना लावायचे असतात. त्याच उदाहरणात शंभराव्या वर्षापुरता दर पाहिला तर तो २.०८ टक्क्यांच्या जवळ येतो. हातात आलेला तक्ता या दोन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहिल्याशिवाय एकही आकडा टाकू नये.

आता तुमच्या विभागातल्या पद्धतीविषयी. आपल्याकडे सिंचन प्रकल्पांचे लाभव्यय गुणोत्तर वार्षिक पद्धतीने काढले जाते: एकूण खर्चावर १० टक्के व्याज, १ टक्का घसारा आणि देखभाल मिळून वार्षिक खर्च, आणि त्याच्याशी वार्षिक लाभाची तुलना. गुणोत्तर १.५ हवे, अवर्षणप्रवण भागात १ चालते. या पद्धतीत वटाव दर हा शब्द कुठे येत नाही, पण १० टक्के व्याज म्हणजे तोच. येथे १,००० कोटींच्या भांडवलाची ५० वर्षांत १० टक्क्यांनी परतफेड करायला वार्षिक १०० कोटी ८६ लाख लागतात, आणि १०० वर्षांत करायला १०० कोटींहून जेमतेम ७३ हजार रुपये जास्त. धरण पन्नास वर्षे टिकले काय किंवा शंभर, वार्षिक हप्त्यात एक कोटीचाही फरक पडत नाही. ज्या पद्धतीला आयुष्य दुप्पट झाल्याचे कळतच नाही, तिच्यात टिकाऊपणाचे मोल कधीच उमटणार नाही.

ही पद्धत एका झटक्यात बदलणार नाही आणि मंजुरीसाठी विहित नमुना तुम्हाला भरावाच लागेल. त्याच्या जोडीला वर्षनिहाय तक्ता जोडा, असा माझा सल्ला आहे. त्यात प्रत्येक वर्षाचा लाभ, देखभाल, दरवाजे बदलण्याचा खर्च, गाळामुळे घटणारे पाणी आणि मोठ्या दुरुस्त्या वेगवेगळ्या ओळींत दाखवा, आणि तीन स्तंभांत निव्वळ वर्तमान मूल्य द्या: विहित दराने, एका सरसकट खालच्या दराने आणि घटत्या दराने. तिन्ही स्तंभांत निष्कर्ष एकच असेल तर दराचा वाद तेथेच संपतो. तो बदलत असेल, तर मंजुरी देणाऱ्याला कळले पाहिजे की हा प्रकल्प दूरच्या वर्षांच्या भरवशावर उभा आहे. तेव्हा चर्चा दरावर न होता त्या वर्षांतल्या पाण्याच्या आणि गाळाच्या अंदाजांवर व्हावी. घटत्या दराचा स्तंभ मूळ स्तंभाची जागा घेऊन एकटा देऊ नये. प्रकल्पासाठी दर निवडला, असा संशय एकदा आला की बाकीचा अहवाल कोणी वाचत नाही.

घटत्या दराविरुद्धचे आक्षेपही सांगितले पाहिजेत. पहिला गोलिए यांनी स्वतःच २००४ मध्ये घेतला होता: वर्तमान मूल्याऐवजी भविष्यातल्या मूल्यांची सरासरी घेतली तर त्याच गणिताने दर घटण्याऐवजी वाढतो. पुढे २०१० मध्ये वाइट्झमन आणि गोलिए यांनी मिळून दाखवले की माणसे जोखमीकडे कसे पाहतात हे हिशेबात आणले की दोन्ही मार्ग घटत्या दराकडेच येतात. २०१३ मध्ये केनेथ ॲरो यांच्यासह अनेक अर्थशास्त्रज्ञांनी घटत्या दराला तत्त्वतः पाठिंबा दिला, त्यामुळे सिद्धांताच्या पातळीवर हा वाद बराच निवळला आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. ग्रीन बुकच्या तक्त्यात ३१ आणि ३२ या वर्षांमधला दर आज ३ टक्के आहे. समजा, ३१ व्या वर्षी गाळ अडवण्याचे काम हाती घ्यायचे ठरले आणि त्याचा परतावा ३.२ टक्के आहे. आजच्या नजरेतून ते काम योग्य ठरते, कारण ३.२ हे ३ पेक्षा जास्त आहे. पण ३१ वे वर्ष प्रत्यक्ष उजाडेल तेव्हा अधिकारी तक्ता पहिल्या ओळीपासून वाचतील, त्यांना ३.५ टक्के दिसेल आणि ते काम नाकारतील. दरम्यान नवे काहीच कळलेले नसताना निर्णय बदलला. अनिश्चिततेवर आधारलेल्या युक्तिवादात दर बदलायला हवा तो नवी माहिती आल्यामुळे: तीस वर्षांत जग २ टक्क्यांचे निघाले की ६ टक्क्यांचे, हे बरेचसे कळलेले असेल आणि तक्ता त्यानुसार नव्याने आखला जाईल. तोच जुना तक्ता दर वर्षी शून्यापासून लावणे ही त्या युक्तिवादाशी केलेली प्रतारणा आहे. म्हणून ज्या धरणाच्या मंजुरीत पुढच्या टप्प्यातील कामांचा लाभ धरलेला आहे, तिथे त्या कामांचा खर्च स्वतंत्र निधीने आधीच बांधून ठेवावा, किंवा तो लाभ धरूच नये.

शेवटी एक मर्यादा. हा दर समाजाच्या दृष्टीने प्रकल्प योग्य आहे का, हे ठरवण्यासाठी आहे. राज्याने कर्ज काढले असेल तर व्याज कराराच्या दरानेच द्यावे लागेल, आणि टोलवर चालणाऱ्या पुलाचा सवलतदार आपल्या भांडवलाच्या खर्चानेच हिशेब करेल, कारण त्याचा करार वीस-तीस वर्षांत संपतो आणि साठाव्या वर्षीची दुरुस्ती त्याच्या तक्त्यात येतच नाही. अशा पुलांत टिकाऊ सळ्यांचा १ कोटी त्याने आपणहून घालावा, अशी अपेक्षा चुकीची आहे. घटत्या दराचा हिशेब शासनाने आधी स्वतः करून आवरणाची जाडी आणि सळ्यांचा प्रकार निविदेच्या तांत्रिक अटींत लिहून टाकावा लागतो, आणि हस्तांतराच्या वेळी पूल कोणत्या स्थितीत परत मिळाला पाहिजे, तेही करारात मोजता येईल अशा शब्दांत घालावे लागते.